आवळून आवळून गळणारा नट : अमळनेरच्या एका सिंकखालचं प्रकरण

नानांच्या घरची गळती पाण्याने नाही, बिबड्यांनी उघडकीस आणली. सिंकखालच्या कपाटात मागच्या बाजूला काकूंनी उन्हाळ्यात केलेल्या बिबड्यांचा पत्र्याचा डबा ठेवला होता. श्रावणात काढायला गेल्या तर डब्याचं बूड गंजलेलं, खालची प्लाय फुगलेली आणि बिबड्या मऊ पडलेल्या. वर बोट फिरवलं तर गार पाण्याच्या अँगल कॉकच्या नटाखाली थेंब लोंबत होता.

नाना निवृत्त शिक्षक, हाताने कामं करणारे. त्यांनी पाना घेतला आणि नट आवळला. थेंब थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. पुन्हा आवळला. तिसऱ्या वेळी नट उघडून कॉकच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली आणि जोर लावून बसवला. चार दिवस बरं चाललं, मग पहिल्यापेक्षा जास्त गळायला लागलं. तेव्हा मला फोन आला.

"भाऊ, मी तीन डाव आवळं, टेप बी लाई, तरी गळसच. आते काय करवं?"

माझं पारोळ्याला नळसामानाचं दुकान आहे आणि कामंही घेतो. अशी तक्रार महिन्यातून दोनदा तरी येते, त्यातल्या बहुतेक वेळा उत्तर पाच मिनिटांत मिळतं. या वेळी मला दोन खेपा लागल्या, आणि पहिल्या खेपेला मीही चुकलो. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतोय.

जोड कसला होता

आपल्याकडे सिंकखाली सहसा जी मांडणी असते ती अशी: भिंतीतून अँगल कॉक, त्याच्यावर अर्धा इंची कनेक्शन पाइप, आणि तो वर नळाला. नानांकडे वेगळं होतं. त्यांच्या जावयाने घर बांधताना परदेशी बनावटीचा सिंक मिक्सर आणून दिला होता. त्याला खाली रबरी पाइप नव्हते, तर बोटापेक्षा बारीक अशा दोन तांब्याच्या नळ्या होत्या, एक गरम पाण्याची आणि एक गार पाण्याची. सोबत अँगल कॉकही तिकडचेच. त्यांचं एक तोंड अर्धा इंची, भिंतीत जाणारं. दुसऱ्या तोंडावर कॉम्प्रेशनचा नट.

कॉम्प्रेशन जोडात तीनच वस्तू असतात. कॉकचं तोंड, ज्याच्या आतली कड उतरती, वाटीसारखी घासलेली असते. नळीवर सरकवलेली पितळी रिंग, तिला फेरूल म्हणतात. आणि तिला मागून ढकलणारा नट. नट आवळला की फेरूल त्या उतरत्या कडेत घुसते, घुसताना आवळली जाते आणि नळीला घट्ट मिठी मारते. पाणी अडतं ते दोन ठिकाणी: फेरूल आणि कॉकची कड यांच्यामध्ये, आणि फेरूल आणि नळी यांच्यामध्ये. आटे पाणी अडवतच नाहीत. आट्यांचं काम फक्त ढकलण्याचं.

ही गोष्ट आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना पटत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आमचा हात जीआय पाइपावर बसलेला. जीआयचे आटे निमुळते असतात, १६ ला १ या उताराने, आणि तिथे पाणी आट्यांतच अडवायचं असतं. पूर्वी दोरा आणि सफेदा लावायचो, आता टेप. त्यामुळे आटा दिसला की हात आपोआप टेपकडे जातो. कॉम्प्रेशन नटाचे आटे मात्र सरळ असतात, निमुळते नाहीत. त्यांच्यावर टेप लावली तर ती पाणी अडवत नाही, फक्त नट जड फिरतो. वाटतं की नट पुरता बसला, हाताला जोर लागतोय म्हणजे आवळला गेलाय. प्रत्यक्षात तो जोर टेप खाते, फेरुलीपर्यंत पोचतच नाही.

पहिली खेप

सिंकखाली आडवं पडायच्या आधी मी वाटी ठेवून मोजलं. मिनिटाला ३२ थेंब. सुमारे २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सव्वादोन लिटरच्या वर पाणी जात होतं. टाकी गच्चीवर, सिंक तळमजल्यावर, मध्ये साधारण सात मीटर उंची. म्हणजे दाब ०.७ किलोच्या आसपास. हा दाब काहीच नाही. एवढ्याशा दाबाला जोड इतका गळत असेल तर फट केसाएवढी नाही, चांगली मोठी आहे, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

कोरड्या फडक्याने सगळं पुसलं आणि टिश्यूचा कागद फाडून नटाभोवती ठिकठिकाणी लावला. कागद आधी कुठे ओला होतो ते पाहायचं. नटाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे जिथे नट कॉकच्या आट्यांवर चढतो तिथे कागद कोरडा राहिला. ओला झाला तो नटाच्या मागच्या बाजूला, नळी नटातून बाहेर येते तिथे.

नेहमीचा अंदाज असा: पाणी मागून आलं तर फेरूल आणि नळीच्या मधून गळतंय, आट्यांतून आलं तर फेरूल आणि कॉकच्या कडेतून. पण आट्यांवर टेप असेल तर हा अंदाज फसतो. नटाच्या आत पाणी कुठूनही शिरलं तरी आट्यांची वाट टेपने बंद असते, म्हणून ते मागच्या भोकातूनच बाहेर पडतं. म्हणजे टेपने गळती थांबत नाही, फक्त खुणा पुसल्या जातात. नानांचे ते चार कोरडे दिवसही असेच: टेपने पाण्याची एक वाट अडवली, दुसरी सापडायला पाण्याला चार दिवस लागले.

अँगल कॉक बंद करून नट उघडला. नटाचे कोपरे पाना घसरून गोल झाले होते. आतून टेपेचा बोळा निघाला. काही तुकडे फेरुलीच्या तोंडावर चिकटलेले, एक तर कॉकच्या त्या घासलेल्या कडेवरच बसलेला. एवढा पातळ तुकडाही मध्ये आला तर पितळ पितळेला नीट भिडत नाही. फेरुलीच्या खाली, नळीवरही दोन फेरे टेप होती. ती नानांनी लावली नव्हती म्हणे, बहुधा मूळ बसवणाऱ्याने लावली असावी. तिथे टेप लावणं सगळ्यात वाईट, कारण फेरुलीला तांबं पकडायचं असतं आणि तिच्या हाती लागते निसरडी टेप.

फेरुलीवर, तिच्या बाहेरच्या अंगावर दोन फेरे देणारे लोक मी पाहिले आहेत. जुनी फेरूल थोडी चरे पडलेली असेल, नवी मिळत नसेल, तर रात्र काढायला तो उपाय चालतो. पण तो ठिगळच, जोड नाही.

तर माझं निदान ठरलं: टेपेचा घोळ, आणि वारंवार आवळून खराब झालेली फेरूल. नळीचं टोक साफ केलं, कॉकची कड फडक्याने पुसली, बॅटरी मारून पाहिली, ओरखडा नव्हता. कॉम्प्रेशन तोंड १० मिलिमीटरचं होतं, तशी खूण नटावर होती. गाडीत १० ची नवी फेरूल होती, ती घातली, टेपेशिवाय नट हाताने बसवला, पान्याने एक फेरा आवळला. पाणी सोडलं.

मिनिटाला सहा थेंब.

पाव फेरा आणखी. चार थेंब. आणखी पाव फेरा. चारच.

इथे थांबलो, ते बरं केलं. नट आवळून गळती कमी होत जाते तोपर्यंत आवळण्यात अर्थ आहे. आवळूनही थेंब तेवढेच राहिले तर जोर वाया जातोय, आणि पुढचा पाव फेरा नळी चेपण्यात किंवा नट तडकवण्यात जातो. नानांना म्हटलं, कॉक बंद ठेवा, उद्या येतो.

कोरडी बाजू

दुसऱ्या दिवशी जाताना मनात एकच प्रश्न होता आणि तो नानांनीच विचारला. "गरम पाणीना नळ तर कोरडा शे. तेले कोनी हात बी नही लावा."

गरम बाजूचा कॉक तोच, नट तोच, फेरूल त्याच मापाची, बसवणारा माणूसही तोच. तीन वर्षांत तिकडे एक थेंब नाही. अशा वेळी बिघडलेल्या जोडाकडे पाहत बसण्यापेक्षा चांगल्या जोडाकडे पाहावं. दोन्ही बाजू एकसारख्या असतील तर गळती एकीकडेच का? म्हणजे कुठेतरी त्या एकसारख्या नाहीत.

बॅटरी घेऊन दोन्ही नळ्या वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या. गरम बाजूची नळी मिक्सरपासून कॉकपर्यंत एकसंध. गार बाजूच्या नळीवर मात्र निम्म्या वाटेवर एक जाडसर पट्टा होता. जोड. तांब्याला तांबं लावून ब्रेझिंग केलेलं, अगदी सफाईने, कुठेही सुई शिरणार नाही असं.

नाना सांगायला लागले तेव्हा उलगडा झाला. ओटा करताना गार पाण्याचा पॉइंट ठरल्यापेक्षा चार इंच खाली गेला होता आणि मिक्सरची नळी पोचत नव्हती. नानांचा भाचा धुळ्याला एसी दुरुस्तीचं काम करतो. तो मिक्सर घेऊन गेला आणि एसीच्या तांब्याच्या नळीचा तुकडा जोडून आणला. टोक फुलवून, जुनी नळी त्यात घालून, वरून ब्रेझ. भाच्याचं काम पक्कं होतं. म्हणूनच त्या नळीवर कुणाचा संशय गेला नाही.

मी व्हर्निअर काढला. जोडाच्या वर, मूळ नळी: १० मिलिमीटर. जोडाच्या खाली, एसीची नळी: साडेनऊ.

एसी आणि फ्रीजची तांब्याची नळी आपल्याकडे इंचाच्या मापात मिळते, पाव इंच, ३/८, अर्धा इंच, आणि ते माप नळीच्या बाहेरच्या व्यासाचं असतं. ३/८ इंच म्हणजे ९.५२ मिलिमीटर. फेरूल १० मिलिमीटरच्या नळीसाठी. दोन्हींत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक. ऐकायला काहीच नाही, पण फेरुलीचं सगळं काम याच अंतरावर चालतं. बरोबर मापाच्या नळीवर फेरूल हाताने जेमतेम सरकते, आणि आवळली की लगेच तांब्यात रुतायला लागते. इथे तिचं सगळं आक्रसणं आधी अर्ध्या मिलिमीटरची पोकळी भरण्यात संपत होतं. नळीला मिठी मारायची वेळ यायच्या आतच ती कॉकच्या कडेत पुरती रुतून बसत होती.

त्यात भर म्हणजे एसीची नळी मऊ, गुंडाळीतून सोडवून हाताने सरळ केलेली. व्हर्निअर एका बाजूने धरला तर ९.६, आडवा धरला तर ९.४. गोल रिंग लंबगोल नळीवर बसवायची तर एका अंगाला ती टेकते, दुसऱ्या अंगाला फट राहते.

मग आदल्या दिवशीच करायला हवी होती ती परीक्षा केली. जोड आवळलेला असताना नटाच्या मागे नळी चिमटीत धरली आणि पिळून पाहिली. नळी आतल्या आत फिरली. नीट बसलेल्या फेरुलीत नळी फिरत नाही, सरकत नाही. नट उघडला तर फेरूल नळीवर मागे-पुढे चालत होती. चांगल्या जोडात ती तांब्यात बारीक खाच पाडते आणि तिथेच अडकून राहते, कापल्याशिवाय निघत नाही. इथे खाच एका बाजूला पुसटशी, दुसऱ्या बाजूला तांबं जसंच्या तसं.

हे फक्त गळतीपुरतं नव्हतं. गच्चीच्या टाकीच्या दाबाला नळी कशीबशी टिकून होती. उद्या नानांनी शॉवरसाठी प्रेशर पंप बसवला असता तर ती नळी नटातून बाहेर निसटली असती, आणि ते रात्री झालं असतं तर स्वयंपाकघरात तळं.

चूक नेमकी कुठे झाली

भाचा संध्याकाळी घरी आला होता, त्याला विचारलं. त्याने अंदाजाने नळी आणली नव्हती. अँगल कॉकच्या वरच्या तोंडावर त्याने कोरलेलं वाचलं होतं: ३/८. त्याच्याकडे ३/८ ची नळी होती. जमलं की.

मला हे ऐकून हसू आलं नाही. कारण हा घोळ मापांच्या नावातच आहे. कॉकवर जे ३/८ कोरलेलं असतं ते आट्यांचं नाव. त्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला तर तो १६.६६ मिलिमीटर भरतो, ३/८ इंचाच्या जवळपासही नाही. नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या भोकावरून पडलेलं आहे. आपला अर्धा इंची आटाही असाच, प्रत्यक्ष मोजला तर जवळजवळ २१ मिलिमीटर. एसीवाल्याच्या जगात ३/८ म्हणजे खरंच ३/८, नळीचा बाहेरचा व्यास. नळवाल्याच्या जगात ३/८ म्हणजे एका आट्याचं नाव. दोघेही बरोबर, आणि दोघांच्या मध्ये नानांचं कपाट फुगलं. नळीचं माप नटावर वेगळं लिहिलेलं होतं, १०, पण ते नटाच्या मागच्या बाजूला आणि बारीक.

गळती तीन वर्षं लपून का राहिली, हेही त्याने विचारलं. नक्की सांगता येत नाही, पण नळीवरच्या त्या दोन फेऱ्यांनी अर्धा मिलिमीटरची फट सुरुवातीला भरून काढली असणार. बसवणाऱ्याला फेरूल ढिली लागली, त्याने टेप गुंडाळून ती जाड केली. हाताला कळलं होतं की माप चुकतंय. त्याने मापाऐवजी टेपेला विचारलं. सिंकखालची नळी सारखी हलते, कधी डबा लागतो, कधी पिशवी, आणि मऊ टेप हळूहळू दबत जाते.

दुरुस्ती

पर्याय तीन होते. एसीच्या नळीला बसेल अशी ३/८ इंची फेरूल शोधणं हा पहिला, तो मी लगेच सोडला. फेरूल नळीला बसली तरी या नटात आणि या कडेत ती बसेलच असं नाही, आणि नळी लंबगोल ती लंबगोलच. दुसरा, १० मिलिमीटरची खरी तांब्याची नळी आणून पुन्हा जोडणं. अमळनेर-पारोळ्याला ती सहज मिळत नाही. तिसरा मी निवडला: भाच्याचा जोडाचा तुकडा कापून टाकायचा, वरची मूळ १० ची नळी ठेवायची, तिच्या टोकाला एक बाजू १० मिलिमीटर कॉम्प्रेशन आणि दुसरी बाजू अर्धा इंची बाहेरचे आटे असा पितळी ॲडॉप्टर बसवायचा, आणि त्याच्यापासून खाली आपला नेहमीचा एक फुटी कनेक्शन पाइप. खालचा अँगल कॉकही बदलून साधा अर्धा इंची. यापुढे काही बिघडलं तर सामान गल्लीतल्या दुकानात मिळेल.

ॲडॉप्टर यायला चार दिवस गेले. तोवर नाना गार पाणी बाहेरच्या नळावरून भरत होते आणि काकू माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहत होत्या.

गंमत अशी की या एका दुरुस्तीत हातभर अंतरात तीन जातीचे जोड आले, आणि टेप त्यातल्या एकालाच लागली.

पहिला भिंतीतला. अँगल कॉकचे अर्धा इंची आटे भिंतीतल्या एल्बोत जातात आणि पाणी आट्यांतच अडवायचं असतं. इथे टेप हवी. आपल्याकडची टेप पातळ, म्हणून मी दहा-बारा फेरे देतो, आटे आपल्याकडे करून धरले तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे आवळताना टेप उलगडत नाही. पहिला आटा मोकळा सोडतो, म्हणजे टेपेचे धागे आत पाण्यात जात नाहीत. भिंतीतला एल्बो सीपीव्हीसीचा आणि आत पितळी बुश असलेला होता, त्यामुळे पाना जपून. जास्त टेप आणि जास्त जोर मिळून असा एल्बो चिरतो आणि मग टाइल फोडावी लागते.

दुसरा, कनेक्शन पाइपाचे दोन्ही नट. यांच्या आत रबरी वायसर असतो आणि तो सपाट तोंडावर दाबला जाऊन पाणी अडवतो. टेप नको. हाताने घट्ट आणि वर पान्याने पाव फेरा. पाइपाला एक मोकळं वळण दिलं, पीळ पडू दिला नाही.

तिसरा कॉम्प्रेशन. इथे सगळं आवळण्याच्या आधीच ठरतं. नळी करवतीने नाही, ट्यूब कटरने कापली. प्रत्येक वेळी कटर पूर्ण फिरवायचा आणि मगच मूठ किंचित पिळायची. घाई केली की मऊ नळी चेपते. कापल्यावर आतली कड दुमडते ती रीमरने साफ केली, बाहेरचा बूर काढला. मग टोकाचा इंचभर भाग बारीक पॉलिश पेपरने, नळीच्या भोवती गोल फिरवून घासला. लांबीच्या दिशेने घासू नये. उभा ओरखडा फेरुलीखालून पाण्याला सरळ वाट देतो. व्हर्निअरने दोन दिशांनी मोजलं, १० आणि १०.

आधी नट, मग फेरूल. हा क्रम सगळ्यांना पाठ असतो आणि तरी महिन्यातून एकदा नट बाहेर राहतो. नळी ॲडॉप्टरमध्ये आत टेकेपर्यंत ढकलली, तिथून मागे येऊ दिली नाही. आट्यांवर तेलाचा एक थेंब, फक्त नट सहज फिरावा म्हणून. टेपेने जे उलटं केलं होतं ते हा थेंब सुलटं करतो: पान्याचा जोर आट्यांत न अडकता फेरुलीपर्यंत जातो. नट हाताने बसेल तेवढा बसवला, मग मार्करने नट आणि ॲडॉप्टर दोन्हींवर मिळून एक सरळ रेघ मारली. एका पान्याने ॲडॉप्टर धरला, दुसऱ्याने नट एक पूर्ण फेरा. रेघ पुन्हा जुळली की थांबलो. दोन पाने का, तर एकच वापरला तर सगळा पीळ वरच्या तांब्याच्या नळीला आणि मिक्सरच्या पोटाला जातो.

रेघेचा फायदा नंतर कळतो. जोड पाझरला तर किती आवळलंय ते डोळ्यांसमोर असतं, आणि एक अष्टमांश फेरा द्यायचा की उघडून पाहायचं हे ठरवता येतं. रेघ नसेल तर माणूस नानांसारखा मनगटाच्या जोरावर मोजतो.

पाणी सोडलं. टिश्यूच्या पट्ट्या तिन्ही जोडांना गुंडाळून ठेवल्या, नळ दहा-बारा वेळा झटक्याने उघडून बंद केला, कारण झटका बसला की कमकुवत जोड बोलतो. काकूंना सांगितलं, कपाट उघडंच ठेवा, कागदांना हात लावू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांनी फोन केला, कागद कोरडे. आठवड्यानेही कोरडेच होते.

कापून काढलेला तो तुकडा भाच्याने मागून घेतला, वरचा त्याचा ब्रेझ केलेला जोड आणि खाली ती एका बाजूला खाच पडलेली फेरूल. दुकानात दाखवायला, म्हणाला. मीही एक जुनी फेरूल त्याच्या हातावर ठेवली, बरोबर मापाच्या नळीवरून करवतीने कापलेली, आतून सगळीकडे सारखी रुतलेली.

निघताना नाना पाना घेऊन पुन्हा सिंकखाली वाकले. "गरम बाजूना नट बी एक डाव आवळी देऊ का, आते हातासरशी?"

"नाना, तीन वर्षांत तो एकदाही गळला नाही. पाना माझ्या पिशवीत टाका."

त्यांनी टाकला, पण नाखुशीने.